आकृती तीच, पण हात लावता येईल अशी

ठिबक सिंचनाच्या माहितीपत्रकातली एखादी आकृती डोळ्यांसमोर आणा. डावीकडे फिकट निळ्या चौकटीत ‘विहीर’, तिच्यातून निघालेली रेषा, वाटेत पंपाचं वर्तुळ, पुढे ‘फिल्टर’, मग मुख्य नळी, उपनळी आणि शेतभर पसरलेल्या बारीक लॅटरल. प्रत्येकाशेजारी नाव आणि एक बाण. समजा, पत्रक जुनं आहे. ज्या फाइलीतून ते काढलं ती सापडत नाही, हाती आहे ती फक्त पीडीएफ. आता १६ मिमीच्या लॅटरलऐवजी १२ मिमीच्या टाकायच्या ठरल्या आहेत आणि मुख्य नळीवर एक जादा व्हॉल्व्ह बसणार आहे. बदल एवढे दोनच.

कुणीतरी सुचवतं की पीडीएफचं एसव्हीजी करून घ्या, म्हणजे हवं ते बदलता येईल. रूपांतर करून देणारी साधनं फुकट मिळतात. फाइल काही सेकंदांत तयार होते, उघडल्यावर मूळ आकृतीशी तंतोतंत जुळते. मग ‘१६’ या आकड्यावर दोनदा क्लिक केलं जातं. तिथे लिहायचा कर्सर यायला हवा, पण येतात ते आकड्याच्या कडेने पसरलेले छोटे छोटे बिंदू. संगणकाच्या लेखी तो सोळा नाही, काळ्या रंगाने भरलेली एक वळणदार बाह्यरेषा आहे. पंपाचं वर्तुळ हे वर्तुळ राहिलेलं नाही, आणि बाण ओढला तर टोक जागेवर राहून नुसती दांडी सरकते.

म्हणजे फाइल एसव्हीजी झाली तरी आकृती बदलण्याजोगी झालेली नाही. या दोन गोष्टींत अंतर का पडतं आणि ते कसं भरून काढता येतं, हे समजायला पीडीएफच्या पोटात डोकवावं लागतं.

त्याआधी एक खात्री करून घ्यायची. आकृती खरोखर रेषांची आहे, की कागद स्कॅन करून पीडीएफमध्ये चिकटवलेला फोटो आहे? पडद्यावर ती ८०० टक्के मोठी करून पाहावी. कडा धारदारच राहिल्या तर ती व्हेक्टर, म्हणजे गणिती रेषांनी बनलेली आहे. कडांचे चौकोनी ठिपके दिसू लागले तर तो फोटो आहे आणि त्यावर पुढचे उपाय चालणार नाहीत. तो पुन्हा गिरवावा लागतो. पॉपलर नावाच्या मोफत संचातली ही आज्ञा तेच काम न चुकता करते:

```
pdfimages -list thibak.pdf
```

यादीत पानाएवढं एकच मोठं चित्र निघालं, तर प्रश्न तिथेच मिटला. यादी रिकामी असेल किंवा एखादं बोधचिन्ह तेवढं निघालं, तर पुढे जायला हरकत नाही.

पीडीएफ अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणली. तिच्यामागची गरज साधी होती: एका संगणकावर तयार केलेलं पान दुसऱ्या कुठल्याही संगणकावर आणि छापखान्यात जसंच्या तसं दिसावं. म्हणून तिच्यात शाई कुठे पडावी याच्या सूचना असतात. पेन इथे टेकव, तिथपर्यंत ओढ, हा रंग घे, हा भाग भर, या जागी फॉन्टमधलं अमुक क्रमांकाचं चिन्ह उमटव. ‘ही विहीर’, ‘हा बाण’, ‘ही चौकट या नावाची’ असं त्यात काही लिहिलेलं नसतं, कारण छापायला त्याची गरज पडत नाही. एसव्हीजी वेगळ्या घरातून आली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने २००१ मध्ये तिला मान्यता दिली. ती साध्या मजकुराची फाइल असते. कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते, आणि तिच्यात आयत, वर्तुळ, रेषा आणि मजकूर यांना स्वतःची नावं आहेत.

आपल्या आकृतीतली विहिरीची चौकट, तिच्यातून निघालेली नळी आणि चौकटीतलं नाव एवढ्या तीनच गोष्टी घेऊ. पीडीएफमध्ये त्या साधारण अशा लिहिलेल्या असतात. एरवी हा भाग दाबून ठेवलेला असतो. `qpdf --qdf` या आज्ञेने तो मोकळा करून वाचता येतो.

```
0.8 w
0.85 0.93 1 rg
72 600 120 40 re B
192 620 m 260 620 l S
0 g
BT /F1 11 Tf 118 616 Td
<0041001C00290042001B> Tj ET
```

पहिल्या ओळीत पेनची जाडी ठरली, दुसरीत फिकट निळा रंग. तिसरीत डावीकडून ७२ आणि खालून ६०० अंतरावर १२० रुंद, ४० उंच असा आयत. `B` म्हणजे आत रंग भरा आणि कडाही ओढा. चौथ्या ओळीत १९२ वर पेन टेकवून २६० पर्यंत सरळ रेषा. मग काळा रंग घेऊन मजकूर. ‘विहीर’ हा शब्द मात्र कुठेच दिसत नाही. कंसातला तो लांबलचक आकडा म्हणजे चार-चार अंकांचे पाच क्रमांक आहेत, आणि प्रत्येक क्रमांक त्या फाइलीत बसवलेल्या फॉन्टमधल्या एकेका चिन्हाचा आहे. दुसऱ्या फाइलीत तेच क्रमांक वेगळी अक्षरं दाखवतील.

याच तीन गोष्टी एसव्हीजीत नीट उतरल्या तर अशा दिसायला हव्यात:

```
<rect x="72" y="202" width="120" height="40"
      fill="#d9edff" stroke="#000" stroke-width="0.8"/>
<line x1="192" y1="222" x2="260" y2="222"
      stroke="#000" stroke-width="0.8"/>
<text x="118" y="226" font-size="11">विहीर</text>
```

आडवे आकडे तेच राहिले, उभे बदलले. पीडीएफ पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर मोजते, एसव्हीजी वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली. ए-फोर पानाची उंची ८४२ पॉइंट धरली, तर ६०० वर उभ्या असलेल्या ४० उंचीच्या चौकटीची वरची कड ८४२ वजा ६४०, म्हणजे २०२ वर येते. एककांतही फरक आहे. पीडीएफचा पॉइंट हा इंचाचा ७२वा भाग, तर एसव्हीजीतलं साधं एकक इंचाचा ९६वा भाग. रूपांतर करताना हे विसरलं गेलं तर आकृती पाऊणपट होते आणि २१ सेंटिमीटर रुंदीचं पान पावणेसोळा सेंटिमीटरचं होऊन बसतं. पडद्यावर हे कळत नाही, कारण तिथे आपण आकार कमी-जास्त करूनच पाहतो. छापल्यावर पट्टी लावली की कळतं. आकृती प्रमाणात काढलेली असेल, म्हणजे एक सेंटिमीटरला दहा मीटर अशी, तर ही तपासणी सर्वांत आधी करावी.

प्रत्यक्षात कुठलंही साधन इतकं नेटकं एसव्हीजी देत नाही. बहुतेक साधनं आयत, वर्तुळ आणि रेषा या सगळ्यांना `path` या एकाच सर्वसाधारण नावाखाली घालतात. मजकुराच्या बाबतीत मात्र त्यांच्यात दोन तट आहेत आणि निवड इथेच करायची असते. एका तटाचा आग्रह दिसण्यावर: `pdftocairo -svg` ही आज्ञा, किंवा त्याच पद्धतीवर चालणारं `pdf2svg`. ती प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा फाइलीच्या सुरुवातीला एकदा ठेवतात आणि हवं तिथे तिची प्रत उमटवतात. समोरच्या संगणकावर फॉन्ट असो वा नसो, चित्र हुबेहूब दिसतं, पण मजकूर मजकूर राहत नाही. दुसरा तट अक्षरं अक्षरं म्हणून राहावीत यासाठी झटतो. म्युपीडीएफ संचातली ही आज्ञा त्यातली:

```
mutool convert -O text=text -o thibak.svg thibak.pdf
```

इथे `text=text` ऐवजी `text=path` लिहिलं की तीच आज्ञा पहिल्या तटात जाते. इंकस्केप या मोफत चित्रप्रणालीत पीडीएफ उघडतानाही हीच निवड समोर येते. पॉपलरमार्फत आयात केली तर अक्षरांची चित्रं मिळतात, अंतर्गत आयात निवडली तर मजकूर मिळतो. २०२३ मध्ये आलेल्या तिच्या १.३ आवृत्तीपासून तर फॉन्टबद्दल स्वतंत्र विचारणा होते: संगणकावर नसलेल्या फॉन्टमधली अक्षरं चित्र म्हणून आणायची, जवळच्या दुसऱ्या फॉन्टने बदलायची, की मूळ फॉन्टचं नाव तसंच ठेवून मजकूर राखायचा.

आपल्या हाती आलेली फाइल कुठल्या तटातली, हे ओळखायला ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडावी आणि `<text` शोधावं. एकही सापडलं नाही आणि `<use` मात्र शेकड्यांनी निघाले, तर अक्षरांची चित्रं झाली आहेत. त्या फाइलीवर कष्ट करत बसू नये. मूळ पीडीएफकडे परत जाऊन दुसऱ्या रस्त्याने यावं.

इंग्रजी आकृती असती तर निम्मं काम इथेच झालं असतं. मराठी आकृतीचं खरं काम इथून सुरू होतं, आणि ते सविस्तर सांगायला हवं, कारण रूपांतराच्या इंग्रजी मार्गदर्शिका याबद्दल काही सांगत नाहीत.

‘विहीर’ लिहिताना आपण आधी ‘व’ टाइप करतो, मग पहिली वेलांटी. युनिकोडमध्येही क्रम तोच: व, वेलांटी, ह, दुसरी वेलांटी, र. पण कागदावर पहिली वेलांटी ‘व’च्या डावीकडे उमटते. पीडीएफला शाईचा क्रम ठाऊक, म्हणून तिच्यात आधी वेलांटीचं चिन्ह येतं आणि मग ‘व’चं. रूपांतर करणारं साधन चिन्हं याच क्रमाने उचलतं आणि युनिकोडमध्ये ओळीने मांडतं. एसव्हीजीत मग असं काहीतरी येतं:

```
<tspan x="0 2.9 9.1 15.4 18.3">िवहीर</tspan>
```

सुरुवातीच्या वेलांटीला टेकायला अक्षरच नाही, म्हणून तिच्याशेजारी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ दिसतं. मराठी फाइलीत हे वर्तुळ दिसलं की समजावं, मजकूर आला आहे पण क्रम बिघडला आहे. ‘फिल्टर’मध्येही हेच होतं. रफाराचं उलट असतं. ‘मार्ग’मधला रफार उच्चारात ‘ग’च्या आधी असला तरी कागदावर ‘ग’च्या डोक्यावर, म्हणजे ‘ग’ काढून झाल्यावर उमटतो. त्यामुळे ‘मार्ग’चा ‘मागर्’ होतो. पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी करून पाहिलेल्या प्रत्येकाला हे ‘मागर्’ ओळखीचं असेल.

वरच्या ओळीतले `x` चे पाच आकडे हा दुसरा त्रास. पीडीएफमध्ये प्रत्येक चिन्हाची जागा ठरलेली असते, ती साधन इमानाने एसव्हीजीत आणतं. पण देवनागरीत काना-मात्रा आणि जोडाक्षरं शेजारच्या अक्षराला पाहून आपली जागा आणि रूप ठरवतात. प्रत्येकाला आकड्याच्या खुंटीला बांधून ठेवलं की ती जुळत नाहीत. ‘१६’चं ‘१२’ करताना फारसं बिघडत नाही. ‘पंप’चं ‘सबमर्सिबल पंप’ करायला गेलं की पहिली अक्षरं जुन्या खुंट्यांवर अडकतात आणि उरलेली एकापुढे एक सरकत जातात. इंकस्केपमध्ये `Text` मेनूत `Remove Manual Kerns` आहे. मजकूर निवडून ते चालवलं की या खुंट्या निघतात. एडिटरमध्ये करायचं असेल तर आकड्यांच्या रांगेतला पहिला ठेवून बाकीचे पुसावेत.

तिसरी गोष्ट फॉन्टची. पीडीएफमध्ये पूर्ण फॉन्ट क्वचितच असतो. वापरलेली तेवढीच चिन्हं कापून बसवलेली असतात, आणि अशा तुकड्याच्या नावाआधी सहा मोठी इंग्रजी अक्षरं आणि अधिकचं चिन्ह लागतं, उदाहरणार्थ `ABCDEF+Mangal`. मूळ आकृतीत ‘झ’ आला नसेल, तर ‘झडप’ लिहायला त्या तुकड्यात ‘झ’ नाही. म्हणून संगणकावर पूर्ण फॉन्ट हवा. मूळचा नसेल तर नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता हे मोफत पर्याय आहेत. फॉन्ट बदलला की शब्दांची रुंदी बदलते हे मात्र लक्षात ठेवायचं. पीडीएफने शब्द कुठून सुरू होतो तेवढंच नोंदवलेलं असतं, तो चौकटीच्या मध्यावर आहे हे नोंदवलेलं नसतं. विहिरीची चौकट ७२ पासून १२० रुंद, म्हणजे मध्य १३२ वर. मजकुराला `x="132"` आणि `text-anchor="middle"` दिलं की शब्द लांबला, आखूड झाला किंवा फॉन्ट बदलला, तरी तो चौकटीच्या मध्यावर राहतो.

हे सगळं फाइल युनिकोड असेल तर. महाराष्ट्रातली पत्रकं, पुस्तकं, नकाशे वर्षानुवर्षं जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये तयार झाले आहेत. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. दिसायला ‘विहीर’, पण संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा अर्थहीन घोळका. एसव्हीजीत तोच घोळका उतरतो. रूपांतराला हात घालण्यापूर्वीच हे कळू शकतं:

```
pdffonts thibak.pdf
```

या आज्ञेच्या तक्त्यात प्रत्येक फॉन्टची एक ओळ येते. `uni` या रकान्यात `yes` असेल, तर चिन्हावरून युनिकोड अक्षर शोधण्याचा तक्ता फाइलीत आहे. `no` असेल तर बहुधा नाही. पण `yes` वरही पूर्ण विसंबू नये, कारण जुन्या फॉन्टचा तक्ता इंग्रजी अक्षरांचाच असू शकतो. पीडीएफमधला एखादा शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहणं, ही याहून पक्की परीक्षा.

मजकूर दुरुस्त करायचा की पुन्हा लिहायचा, याचा निर्णय नावं किती यावर करावा. आपल्या आकृतीत चौदा-पंधरा नावं असतील. ती पीडीएफ समोर ठेवून पुन्हा टाइप करणं हेच सर्वांत जलद आणि सर्वांत कमी चुकांचं आहे. आलेला मजकूर फक्त जागा आणि अक्षरांचा आकार दाखवायला ठेवायचा, काम झालं की पुसायचा. नावं शेकड्यांनी असतील तर वेलांटी पुढच्या अक्षरानंतर आणि रफार मागच्या अक्षराआधी नेणारा छोटा प्रोग्राम लिहिता येतो. पण ‘स्थिती’तल्यासारखं जोडाक्षर मध्ये आलं की पूर्ण जोडाक्षर ओलांडावं लागतं, ‘वर्षे’सारख्या शब्दात रफाराला मात्राही ओलांडावी लागते, आणि शेवटी माणसाने वाचून पाहणं चुकत नाही.

रेषा आणि आकार यांचं दुखणं वेगळं. ते दिसायला बरोबर असतात, पण असतात दुसरंच काही. पंपाचं वर्तुळ घ्या. पीडीएफमध्ये आयतासाठी सूचना आहे, वर्तुळासाठी नाही. वर्तुळ चार वक्र तुकडे जोडून काढलं जातं, आणि ते डोळ्याला कळणार नाही इतकं बिनचूक असतं. एसव्हीजीत हेच चार तुकडे येतात. ते ताणले की आकार वेडावाकडा होतो. उपाय सोपा आहे: त्या आकाराची रुंदी आणि उंची पाहावी, दोन्ही ३६ असतील तर त्याच मध्यावर १८ त्रिज्येचं खरं वर्तुळ काढावं आणि जुनं पुसावं.

नळ्यांबाबत अधिक सावध राहावं लागतं. काही प्रणाली बारीक रेषा ओढत नाहीत. त्याऐवजी अर्ध्या पॉइंट उंचीचा लांबट आयत काढून तो रंगाने भरतात. वर्डमधल्या तक्त्यांच्या कडा अशाच येतात. ओळखायची खूण अशी: रेषा निवडून तिची जाडी वाढवावी. खरी रेषा जाड होते, खोटीच्या भोवती कड उमटते. तुटक रेषा हा आणखी एक सापळा. ऑटोकॅडमधून काढलेल्या पीडीएफमध्ये तुटक रेषेचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र असतो. शेताची हद्द दाखवणारी एक रेषा पडद्यावर एकच दिसते आणि निवडायला गेलं की तिचे दोनशे तुकडे हाती येतात. ते जोडत बसण्यात अर्थ नसतो. टोकं पाहून एकच रेषा ओढावी आणि तिला तुटकपणा द्यावा. ऑटोकॅडचे जुने एसएचएक्स फॉन्ट तर अक्षरंही रेषांनीच काढतात. अशा नकाशात मजकूर काढायला ही साधनं उपयोगी पडत नाहीत, कारण अक्षरं तिथे मजकूर म्हणून नसतातच. तो टाइपच करावा लागतो.

बाण दोन तुकड्यांचे असतात, एक रेषा आणि एक भरलेला त्रिकोण. त्रिकोण पुसून रेषेला एसव्हीजीचं स्वतःचं बाणटोक द्यावं, म्हणजे रेषा फिरवली की टोक सोबत फिरतं. नंतर नावं हलवायची असतील तर ही मेहनत सर्वांत जास्त उपयोगी पडते.

आता वेगळं करण्याचं काम. नुकत्याच आलेल्या फाइलीत गटात गट, त्यात आणखी गट आणि जागोजागी कातरचौकटी असतात, म्हणजे आतला भाग तेवढाच दाखवणाऱ्या अदृश्य खिडक्या. त्या आहेत तोवर वस्तू नीट निवडता येत नाहीत. इंकस्केपमध्ये सगळं निवडून `Object` मेनूतल्या `Clip` मधून `Release Clip` करावं आणि `Ctrl+Shift+G` दाबून गट मोडावेत. एका फेरीत सगळं सुटत नाही, दोन-तीन वेळा करावं लागतं. खिडक्या सुटल्या की त्यांच्या रिकाम्या चौकटी मागे राहतात, त्या पुसायच्या. त्यांना रंग नसेल तर त्या दिसत नाहीत. `View` मेनूतल्या `Display Mode` मध्ये `Outline` निवडलं की प्रत्येक वस्तूची फक्त कड उरते आणि लपलेलं सारं उघडं पडतं. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या रंगाने भरलेले आयतही तेव्हाच सापडतात. एखादी नळी झाकण्यासाठी किंवा नावामागे मोकळी जागा ठेवण्यासाठी ते टाकलेले असतात, म्हणून न पाहता पुसू नयेत.

मग तीन थर करायचे: खाली आकार, त्यावर रेषा, सर्वांत वर मजकूर. `Edit` मधल्या `Select Same` मध्ये `Object Type` निवडलं की एका नावावर क्लिक करून सगळी नावं हाती येतात. तिथेच `Stroke Style` ने एका जाडीच्या सगळ्या रेषा येतात. मुख्य नळी जाड, लॅटरल बारीक असं मूळ चित्रकाराने नेमाने पाळलं असेल, तर हे काम दहा मिनिटांचं आहे. एक जपायचं: पीडीएफमध्ये नंतर आलेलं आधीच्यावर बसतं. सगळे आकार खाली नेल्यावर एखाद्या रेषेला झाकणारा व्हॉल्व्ह त्या रेषेखाली जाईल आणि रेषा त्यातून आरपार दिसेल. असे ठरावीक आकार रेषांच्या थरातच, त्यांच्या वर ठेवावेत.

आकृत्या पन्नास असतील तर हाताने करणं परवडत नाही. पायथन येणाऱ्यांसाठी पायम्युपीडीएफ ही लायब्ररी पीडीएफमधल्या काढलेल्या वस्तू एकेक करून देते:

```
import pymupdf
page = pymupdf.open("thibak.pdf")[0]
for d in page.get_drawings():
    print(d["type"], d["width"], d["rect"])
```

`type` मध्ये `s` आलं तर नुसती ओढलेली रेषा, `f` आलं तर नुसता भरलेला आकार, `fs` आलं तर दोन्ही. `s` रेषांच्या थरात आणि बाकीचे आकारांच्या, एवढ्या नियमावर बरीच विभागणी आपोआप होते. चुकणारे दोन प्रकार आपण पाहिलेच. उंची एका पॉइंटहून कमी असलेला `f` बहुधा खोटी रेषा असतो, आणि रेषेच्या टोकाला चिकटलेला छोटा `f` बहुधा बाणाचं टोक. हे दोन अपवाद घातले की हाताने करायचं थोडंच उरतं. मजकूर `page.get_text("dict")` ने वेगळा मिळतो, जागा आणि आकारासह. वेलांटीची अडचण मात्र तिथेही तीच.

मजकूर खरा मजकूर ठेवण्याचा फायदा कुठे दिसतो, तर विकिमीडिया कॉमन्सवर. विकिपीडियाच्या वेगवेगळ्या भाषांना लागणारी चित्रं तिथे असतात आणि एसव्हीजीतली नावं दुसऱ्या भाषेत लिहिण्यासाठी तिथे एक स्वतंत्र साधन आहे. ते फाइलीतले `<text>` शोधतं आणि प्रत्येकासाठी भाषांतर लिहायला जागा देतं. एकाच फाइलीत मग इंग्रजी आणि मराठी दोन्ही नावं राहतात. मराठीसाठीचं नाव `systemLanguage="mr"` या खुणेने ओळखलं जातं. अक्षरांची चित्रं झालेल्या फाइलीत त्या साधनाला काहीच सापडत नाही.

काम संपलं असं वाटलं की मूळ पीडीएफशी ताडून पाहावं. नुसतं शेजारी ठेवून पाहिलं तर चुका सुटतात. इंकस्केपमध्ये मूळ पान नव्या आकृतीवर बरोबर बसवावं, दोन्हींच्या तळाशी पानाएवढा पांढरा आयत ठेवावा आणि मूळ पानाच्या थराची मिश्रणपद्धत `Difference` करावी. जिथे दोन्ही जुळतात तो भाग काळा होतो, जिथे फरक आहे तिथे उजळ रेघा चमकतात. आपल्या आकृतीत नावांभोवती अशा रेघा येणारच, कारण फॉन्ट बदलला आहे. ‘१६’च्या जागी ‘१२’ आणि नव्या व्हॉल्व्हची जागाही उजळेल, ते अपेक्षितच. पण उपनळीच्या टोकाशी एखादी बारीक चंदेरी कड दिसली, तर बाणाचं नवं टोक जुन्या त्रिकोणाच्या जरा पुढे सरकलं आहे, ते मागे घ्यावं. आणि उजवीकडच्या कोपऱ्यात, जिथे काहीच बदललं नव्हतं, तिथे एक अख्खी लॅटरल चमकताना दिसली, तर ती गट मोडताना चुकून पुसली गेली आहे. मूळ पानाचा थर लपवून ती पुन्हा ओढावी, तिची जाडी शेजारच्या लॅटरलइतकी ठेवावी आणि रेषांच्या थरात टाकावी. मग फाइल `Plain SVG` म्हणून साठवावी आणि ज्या संगणकावर इंकस्केप नाही, मुक्ता फॉन्टही नाही, अशा एखाद्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडावी. ‘विहीर’ तिथेही चौकटीच्या मध्यावर आणि वेलांटी ‘व’ला टेकलेली दिसली, तर फाइल पाठवायला तयार आहे.